पॅसेजमधला बिगुल

संग्रहालयाची पीपीटी मेलवर आली आणि संबोधीनं पहिली स्लाइड धड वाचलीही नाही. थेट खाली सरकत गेली. नद्या गेल्या, होळकरांची कचेरी गेली, गिरण्यांचे भोंगे गेले, आणि एकोणिसाव्या स्लाइडवर तिचं बोट थांबलं. पडदाभर एक बिगुल. पितळी, एका बाजूला चेपलेला, आणि खाली ठळक अक्षरांत: बिगुलवादक भाऊराव, महू. भाऊराव म्हणजे तिच्या आईचे वडील. संबोधीनं सुस्कारा सोडला. आहे. अजून तरी आहे.

हे ‘अजून तरी’ त्यांच्या घरात पाण्याच्या माठासारखं कायम भरलेलं असायचं. आई कौसल्याबाई पोस्टातून रिटायर झालेल्या, आणि आयुष्यभर लोकांची पाकिटं हाताळून त्यांचा एकच निष्कर्ष: वर लिहिलेलं एक आणि आत निघतं दुसरंच. त्यालाही कारण होतं. महूला एकदा पलटणीचा मोठा जलसा झाला होता. त्या वेळी भाऊरावांचा फोटो मोठा करून लावला, आणि खाली छापलं काय, तर नुसतं ‘बिगुलर’. शेजारच्या साहेबाचं नाव, हुद्दा, गाव, सगळं. आमच्या बापाचं नुसतं काम. कौसल्याबाई तेव्हा तरुण होत्या, पण तो घाव काही भरला नाही.

म्हणून दोन वर्षांपूर्वी संग्रहालयाचा माणूस बिगुल मागायला घरी आला, तेव्हा बाईंनी पहिला प्रश्न टाकला तो हाच. “नाव घ्याल का?”

हा माणूस म्हणजे हृषीकेश. संग्रहालयाची सगळी मांडणी त्याच्याकडे. पणजोबा होळकरांच्या दरबारात कामदार, म्हणजे कारभारी, त्यामुळे बोलणं कसं मऊ, लोण्यासारखं. म्हणाला, “घेऊ म्हणजे काय, कौसल्याजी! लिहूही आणि बोलूही. आम्ही ऑडिओ गाइड करतोय. लोक कानाला लावून खोल्या फिरतील. वडिलांचं नाव माणूस कानानं ऐकेल.”

तिथंच बाई विरघळल्या. कारण साखरेनं त्यांचे डोळे खाल्ले होते. समोरच्याचा आकार दिसायचा, तोंड नाही. पाटी वाचणं तर सोडाच. त्यांच्यासाठी संग्रहालय असणार होतं ते कानातच. “त्यावरचा पोचा काढायचा नाही हं,” त्यांनी बजावलं. “तो मी पाडलाय. चार वर्षांची असताना ओट्यावरून फेकला होता मी. बाबांनी मारलं नाही, म्हणून तो राहू द्या.” हृषीकेश हो हो म्हणाला आणि बिगुल कापडात गुंडाळून घेऊन गेला. चहा मात्र त्यानं अर्धा ठेवला. संबोधीनं तो कप पाहिला. आईला दिसला नाही, आणि तिनं सांगितलंही नाही.

आणि आता गंमत बघा, त्याच ऑडिओ गाइडचं काम फिरत फिरत संबोधीकडेच आलं. ती रेडिओवर कॅज्युअल अनाउन्सर होती, आणि इंदूरच्या पलासियात एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर तिची छोटी रेकॉर्डिंगची खोली. खाली पोरं टाळ्या वाजवू लागली की टेक परत. संग्रहालयानं मराठी लेखन आणि आवाज तिला दिला. हिंदीचा आवाज मानस नावाच्या पोराचा, पण मजकूर तिचाच, त्याचंच हिंदी करायचं.

काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. ती पीपीटी केली होती ट्रस्टींना दाखवायला. एसी हॉलमध्ये बसलेल्या माणसांसाठी. एकेका स्लाइडवर सात-सात मुद्दे, आकडे, बाण. आता हे सगळं अशा माणसाला ऐकवायचं जो उभा आहे, पाय दुखताहेत, कडेवर पोर आहे, आणि समोर वस्तू दिसतेच आहे. त्याला ‘खालील तक्त्यानुसार’ म्हणून कसं चालेल? कुठला तक्ता, बाबा? म्हणून संबोधी एकेक स्लाइड सोलून काढायची. आधी माणसाला उभं करायचं: ‘खिडकीकडे पाठ करा, समोरची मोठी पेटी बघा.’ मग डोळा नेमका एका जागी न्यायचा. मग गोष्ट. तीही दीड मिनिटात आटपायची, नाही तर माणूस कानातलं काढून पुढं चालू लागतो. आणि शेवटी, आता कुठं वळायचं ते. सगळ्या स्लाइडचा स्टॉप, म्हणजे थांबून ऐकायची जागा, होत नाही. चार स्लाइड मिळून एक होतो, काहींचा होतच नाही.

पहिल्या भेटीत इमारत पाहिली तेव्हा आत काहीच नव्हतं. जुन्या इंदूरकडच्या रस्त्यावरची ती एका गिरणीच्या दवाखान्याची इमारत. पाच खोल्या, रंगाचा वास, आणि तिसऱ्या-चौथ्या खोलीमधला एक अरुंद पॅसेज, जिथून दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला पोट आत घ्यावं लागेल. तो पॅसेज बघूनच संबोधीनं घरी येऊन मेल टाकला होता: दारात, जिन्यावर, पॅसेजमध्ये स्टॉप ठेवायचा नाही. माणूस ऐकायला थांबतो आणि मागचे सगळे अडकतात. पक्का नियम. हृषीकेशनं उत्तर पाठवलं होतं, “बिलकुल सही, नोटेड.”

मग एका सकाळी स्टॉपची फायनल यादी आली. अठरा स्टॉप. संबोधीनं पोह्यांची बशी बाजूला सारली आणि वाचलं. पुन्हा वाचलं. नवव्या स्टॉपवर तिसरी खोली संपत होती, दहाव्यावर चौथी सुरू होत होती: महूची छावणी, तंबू, नकाशे. बिगुल नव्हता. कुठंच नव्हता.

आणि सहावा स्टॉप काय होता माहितीये? पगडी. कामदारांची पगडी. म्हणजे हृषीकेशच्या पणजोबांची पगडी.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते संबोधीला त्या वेळी कळलं. वाः रे! पगडीला दीड मिनिट, आणि आमच्या बिगुलाला वाटाण्याच्या अक्षता. तिनं पीपीटी परत उघडली. एकोणिसावी स्लाइड होती तिथंच होती. म्हणजे ट्रस्टींना दाखवायला बिगुल चालला, फोटो पडदाभर चालला, आणि लोकांच्या कानात नाव घालायची वेळ आली की काढून टाका. तिला तो अर्धा चहा आठवला.

तरी तिनं फोन केला. आवाज साधा ठेवून. “हृषीकेशजी, यादीत एकोणीस नंबरची स्लाइड दिसली नाही.”

पलीकडे मग तो खाकरला. “हां, ते… मतलब, त्याचं बघू ना. तुम्ही साइटवर याल तेव्हा बोलूया. फोनवर नको.”

फोनवर नको! दाल में कुछ काला नाही, इथं तर वरणच करपलेलं. फोनवर न बोलण्यासारखं एवढं काय असतं? संबोधीनं “ठीक है” म्हणून फोन ठेवला आणि ताकास तूर लागू दिली नाही.

संध्याकाळी आईनं विचारलंच. “झालं का गं बाबांचं लिहून?”

“बघू. चालू आहे.”

“बघू म्हणजे नाही,” कौसल्याबाई म्हणाल्या. लसूण सोलत होत्या, बोटांनीच चाचपून. “पोस्टात साहेब बघू म्हणाला की आम्ही समजून जायचो. काढलं ना त्यांनी?”

“अगं, काढलं कुठं म्हटलं मी?”

“मग घातलं असंही कुठं म्हटलंस?”

आता अशा बाईपुढं काय बोलणार! संबोधी उठून आत गेली आणि त्या रात्री तिनं जे केलं ते सांगायलाच हवं. तिनं पगडी कापली. पगडीवर चार स्लाइड होत्या: कापड कुठलं, रंग कशाचा, बांधायला किती वेळ, कोणत्या सणाला कोणती. सगळं काढून तिनं दोन वाक्यं ठेवली. ‘समोर पगडी आहे. दरबारातले कामदार ती घालत.’ संपलं. कुणी विचारलं तर म्हणायचं, कानाला एवढंच झेपतं. कलेजा थंड झाला तिचा.

मानसला हिंदीसाठी मजकूर गेला, तेव्हा त्याचा मेसेज आला, “दीदी, सहावा स्टॉप अर्धवट आलाय का?” संबोधीनं लिहिलं, “पूर्ण आहे.”

पुढच्या आठवड्यात कच्चं रेकॉर्डिंग घेऊन ती संग्रहालयात गेली. हे तिचं कायमचं. टेबलावर बसून कितीही छान वाटलं तरी कानात घालून पायानं चालल्याशिवाय मजकूर कळत नाही. ‘डावीकडे’ म्हटलं आणि डावीकडे भिंत निघाली, असं दहादा झालेलं. हृषीकेशनंही कानात हेडफोन घातला आणि दोघं निघाले. सहाव्या स्टॉपवर पगडीसमोर उभे राहिले. दोन वाक्यं झाली. पुढची शांतता संबोधीला फार गोड लागली. तिनं तिरप्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं.

हृषीकेशनं हेडफोन काढला. “संबोधीजी,” तो हळू म्हणाला, “हे फार बरं केलंत. मला शरमच वाटत होती. ट्रस्टवाल्यांचा आग्रह, की माझ्या घरची वस्तू आहे तर मोठी ठेवा. मला सांगता येईना. तुम्ही न सांगता ओळखलंत.”

रागाला तयार होऊन गेलेल्या माणसाला कुणी थँक्यू म्हटलं तर त्यानं करायचं काय? पण लगेच डोक्यातला किडा वळवळला: हा मुरलेला दिसतो. गोड बोलून गप्प करतोय.

नववा स्टॉप झाला. ते तिसऱ्या खोलीतून पॅसेजमध्ये शिरले, आणि संबोधी जागच्या जागी उभी राहिली.

उजव्या भिंतीत, डोळ्यांच्या उंचीवर, एक काचेचा कोनाडा. आत बिगुल. एकच दिवा, आणि तोही नेमका पोच्यावर. पोचा काढला नव्हता. त्याच्या कडा मऊ चमकत होत्या. खाली नाव.

“हा… इथं?” ती म्हणाली.

“इथंच तर पहिल्यापासून,” हृषीकेश म्हणाला. “पीपीटी चालायच्या क्रमानंच आहे ना. तिसरी खोली, मग पॅसेज, मग चौथी.”

एकोणिसावी स्लाइड! ती चौथ्या खोलीची पहिली नव्हतीच. ती दोन खोल्यांच्या मधली होती, आणि पॅसेजची होती. स्लाइडवर खोलीचा नंबर नव्हता, आणि ती मनानंच धरून चालली होती, महू म्हणजे चौथी खोली.

“खोलीत ठेवला असता तर वीस वस्तूंत एक,” तो सांगत होता. “लोक खोलीत अर्धं बघतात, अर्धं सोडतात. पॅसेजमधून मात्र प्रत्येकाला जावंच लागतं. म्हणून मी इथं दिवा लावून घेतला.”

“मग स्टॉप का नाही दिला?” संबोधीचा आवाज नको तेवढा चढला.

हृषीकेशनं तिच्याकडे पाहिलं. “तुम्हीच लिहिलं होतं ना, पॅसेजमध्ये स्टॉप नको. पक्का नियम म्हणून. मी म्हटलं, घरचा बिगुल आहे म्हणून मुद्दाम टाळताय. कुणी बोट दाखवू नये म्हणून. मला ते पटलं नव्हतं. पण फोनवर कसं विचारणार, की घरच्यांना का टाळता?”

झालं! म्हणजे आजोबांचं नाव कापलं ते तिनंच. स्वतःच्या नियमानं, स्वतःच्या मेलनं. आणि ती इतके दिवस दुसऱ्याच्या हातातली कात्री शोधत होती. संबोधीला भिंतीला डोकं टेकावंसं वाटलं, पण पॅसेजमध्ये थांबायचं नाही हाही नियम तिचाच. अर्ध्या चहाचं मात्र तिनं विचारलं नाही. ते तिच्याजवळच राहिलं.

“स्टॉप देऊया का मग?” हृषीकेशनं विचारलं. “करूया ना अपवाद.”

तिनं पॅसेज पाहिला. उद्घाटनाच्या दिवशी मागून माणसं येणार, व्हीलचेअर येणार. दीड मिनिट इथं कुणी उभं राहिलं तर तिसऱ्या खोलीत चेंगराचेंगरी. नियम चुकीचा नव्हता, हेच तर दुखणं. “स्टॉप नाही,” ती म्हणाली. “पण माणूस चालता चालताही ऐकतोच की.”

नवव्या स्टॉपच्या शेवटी ‘समोरच्या दारातून पुढे चला’ एवढंच होतं. त्याच ट्रॅकला पुढं चालताना ऐकायचा तुकडा जोडता येणार होता. बटण दाबायला नको, थांबायला नको. फक्त मध्ये शांतता किती ठेवायची ते जमायला हवं. कमी ठेवली तर माणूस खोलीतच असताना बिगुल सुरू होणार, जास्त ठेवली तर तो पुढच्या खोलीत पोचलेला असणार.

आणि बोलायला वेळ केवढा? पॅसेज संपायच्या आत. तेवढ्यात पलटण, साल, गाव, पोचा, काहीच मावत नव्हतं. संबोधीनं सात वेळा लिहिलं आणि सातही कागद फाडले. शेवटी ती आईपाशी जाऊन बसली.

“आई, आजोबा तुम्हाला सकाळी कसं उठवायचे?”

“का गं?”

“सांग ना.”

“बिगुल थोडाच घरात वाजवतील? तोंडानं. अंथरुणाशी उभे राहून.” कौसल्याबाईंनी ती धून गुणगुणली, ओठ मिटून, दोनदा वर चढणारी आणि मग एकदम खाली येणारी. संबोधीनं फोन पुढं धरला होता. तो बाईंना दिसला नाही, पण तिचं श्वास रोखणं त्यांना ऐकू आलं. “टेप करतेयस? कुठं लावणारेस?”

“बघू.”

“परत बघू,” बाई म्हणाल्या, आणि तरीही आणखी एकदा गुणगुणल्या, या वेळी जरा नीट. मग संबोधीनं त्यांना घराच्या बोळातून चालायला लावलं, भिंतीला हात लावून, त्यांच्या चालीनं. किती वेळ लागतो ते मोजलं आणि शांतता तेवढी ठेवली. पगडीला तिनं तिसरं वाक्य परत दिलं. मानसला लिहिलं, “आता खरंच पूर्ण आहे.”

उद्घाटनाला गर्दी मजबूत झाली. कौसल्याबाई निळी साडी नेसून आल्या, गळ्यात ते यंत्र, कानात हेडफोन. पाचाच्या बटणावरचा उंचवटा त्यांनी बोटानं शोधला आणि तिथून बाकीचे आकडे आपोआप सापडले. एक हात संबोधीच्या दंडावर. पहिली खोली, दुसरी, पगडी, गिरणी. तोंड घट्ट मिटलेलं. संबोधीनं काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी विश्वास ठेवला नसता.

नववा स्टॉप संपला. दार. शांतता. दोघी पॅसेजमध्ये शिरल्या. मग संबोधीचाच आवाज आईच्या कानात बोलला: ‘चालत राहा, थांबू नका. उजव्या हाताला काचेत एक बिगुल आहे. महूच्या पलटणीत तो भाऊराव वाजवायचे. घरी मुलांना उठवताना ते हीच धून तोंडानं म्हणायचे.’ आणि मग ती धून, मिटल्या ओठांची.

कौसल्याबाई थांबल्या. थांबू नका म्हटलेलं ऐकूनही मध्यात, पॅसेजच्या बरोब्बर मध्यात उभ्या राहिल्या. मागची मुलगी त्यांच्या पाठीवर येऊन आदळली. तिच्या मागं तिचे वडील, त्यांच्या मागं आणखी कुणी. बाईंचा चेहरा हलला, आणि लगेच कठीण झाला.

“माझ्याच मशीनमध्ये टाकलंयस ना हे?”

“नाही गं आई. सगळ्यांच्या.”

“सगळे असंच म्हणतात.” त्या मागं वळल्या, समोरच्या आकाराकडे हात पसरला. “बेटा, जरा देना.”

त्या मुलीनं गोंधळून हेडफोन काढून दिला. तिचं यंत्र हिंदीवर होतं आणि जरा मागंच चाललं होतं. बाईंनी तो कानाला दाबला. मानसचा आवाज आता कुठं बिगुलापाशी आला होता. त्यानं भाऊराव म्हटलं. मग बाईंना त्यांचाच आवाज ऐकू आला, अनोळखी पोरीच्या कानातला. संबोधीला दिसलं, आईचे ओठ मिटले आणि आत धून चालू झाली, यंत्राच्या जोडीनं.

ती संपली. बाईंनी हेडफोन परत दिला. मुलीच्या गालावर हात फिरवला. डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायचं भानच नव्हतं. मग त्यांनी मुलीच्या मागच्या माणसापुढं हात केला. “भाईसाब, आपका भी दिखाइए.”

तिसऱ्या खोलीत गलका वाढला होता. पलीकडच्या दारात हृषीकेश आला आणि टाचा उंच करून बघू लागला. “संबोधीजी, पॅसेज जाम झालाय.”

“होऊ द्या,” संबोधी म्हणाली.